सलग तीन नाईट: ड्यूटी लिस्ट बदलल्याचा एक ई-मेल

रुग्णालयाच्या वॉर्डात नवी ड्यूटी लिस्ट लागली की सिस्टर आधी स्वतःच्या नावासमोरच्या 'एन'वर बोट ठेवतात. एन म्हणजे नाईट. कुठल्या तारखेला नाईट आहे यावर मुलाला शाळेत कोण सोडणार, सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी कधी होणार, गावी जायचं की नाही, हे सगळं ठरतं. त्यामुळे लिस्टची पद्धतच बदलायची असेल, तर तो बदल सांगणारा ई-मेल ही एका घरची नव्हे, बारा घरांची गोष्ट असते. आणि नेमका तोच ई-मेल बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकला जातो: 'प्रशासनाच्या निर्णयानुसार पुढील महिन्यापासून ड्यूटीमध्ये बदल करण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' नोंद सगळे घेतात, पण त्यानंतर महिनाभर इनचार्जचा फोन वाजत राहतो.

असा ई-मेल नीट लिहायचा तर काय काय ठरवावं लागतं, ते एका नमुन्याच्या वॉर्डावर पाहू. समजा, एका खासगी रुग्णालयात तीस खाटांचा जनरल वॉर्ड आहे आणि बारा जणांचा नर्सिंग स्टाफ. वेळा आपल्याकडे अनेक रुग्णालयांत असतात त्याच: मॉर्निंग सकाळी 8 ते दुपारी 2, इव्हिनिंग 2 ते रात्री 8, नाईट रात्री 8 ते सकाळी 8. मॉर्निंगला चौघी, इव्हिनिंगला तिघी, नाईटला दोघी. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर बारा तासांची नाईट टळेल, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मग एक पाळी रात्री अकराच्या सुमाराला सुटते, आणि त्या वेळी घरी जायला बस नसते. आठला सुटणाऱ्या सिस्टरला बस मिळते. वरून जुनाट वाटणाऱ्या या वेळांमागे असं व्यावहारिक कारण आहे, म्हणून या वॉर्डाने वेळांना हात लावलेला नाही.

बदल आहे तो सलग नाईट किती करायच्या, यात. आतापर्यंत प्रत्येक जोडी सलग सहा नाईट करत होती. सहा जोड्या, प्रत्येकीच्या सहा नाईट, म्हणजे 36 दिवसांत एक फेरी पूर्ण. आता प्रत्येक जोडी सलग तीनच नाईट करणार आणि तिची पाळी 18 दिवसांनी पुन्हा येणार. 36 दिवसांचा हिशेब केला तर माणशी नाईट तेवढ्याच, सहा. मॉर्निंग बारा, इव्हिनिंग नऊ आणि मोकळे दिवस नऊ, हेही तसेच. तास मोजले तर आठवड्याला सरासरी साडेअडतीस, म्हणजे त्यातही फरक नाही. फक्त सहा नाईटचा एक गठ्ठा होता, त्याचे तीन-तीनचे दोन झाले.

मग एवढ्यासाठी सगळ्यांची घडी का विस्कटायची? रात्रीच्या कामाबद्दल आता बरीच माहिती जमलेली आहे. शरीराचं तापमान आणि सावधपणा पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला सर्वांत खाली येतो. सलग नाईट केल्या की शरीर रात्रीला सरावेल, असं आपल्याला वाटतं. पण सकाळी आठला बाहेर पडताच डोळ्यांवर ऊन येतं आणि आतलं घड्याळ पुन्हा दिवसावर जातं. त्यात दिवसाची झोप तुटक आणि कमी भरते, आणि तिची तूट रोज साचत जाते. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर या संशोधकांनी पाळीत काम करणाऱ्यांच्या अपघातांच्या अनेक पाहण्या एकत्र करून 2003 साली हिशेब मांडला. पहिल्या रात्रीच्या तुलनेत दुसऱ्या रात्री धोका सुमारे 6 टक्के जास्त, तिसऱ्या रात्री 17 टक्के आणि चौथ्या रात्री 36 टक्के. चौथ्या रात्रीशी ही चढण एकदम उभी होते. तीनवर थांबायचं ते त्यामुळे.

आता ई-मेल. वॉर्डाची इनचार्ज तो 11 मे रोजी, सोमवारी पाठवते. नवी लिस्ट 1 जूनपासून लागू व्हायची आहे.

विषय: 1 जूनपासून सलग सहाऐवजी तीन नाईट – कारणं, लिस्ट आणि ड्यूटी चेंजची पद्धत

सर्व सिस्टर आणि ब्रदर, नमस्कार.

सोमवार, 1 जूनपासून आपल्या वॉर्डात कोणालाही सलग तीनपेक्षा जास्त नाईट लागणार नाहीत. तीन नाईट संपल्या की चौथ्या दिवशी सकाळी सुटल्यावर तो दिवस झोपेचा आणि पाचवा दिवस पूर्ण ऑफ असेल. पुढची नाईट 18 दिवसांनी येईल. ड्यूटीच्या वेळा, एकूण नाईट, एकूण ऑफ आणि नाईट भत्ता यांत बदल नाही. 1 जून ते 6 जुलैची लिस्ट सोबत जोडली आहे.

हा बदल करण्याचं कारण असं: पाचव्या-सहाव्या नाईटला पहाटेची कामं मागे पडतात, हे हँडओव्हरच्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी सांगितलं आहे. पहाटेची इंजेक्शनं, रक्ताचे नमुने आणि चार्टवरच्या नोंदी एकाच वेळी येतात, आणि तेव्हाच थकवा सर्वांत जास्त असतो. दोघींवरच वॉर्ड असताना हे पेशंटसाठीही बरं नाही आणि तुमच्यासाठीही.

या बदलाने एक गैरसोय होणार आहे. सहा नाईटनंतर सलग तीन ऑफ मिळत होते आणि बाहेरगावच्या जणी त्यात घरी जाऊन येत होत्या. आता एका वेळी दोनच दिवस मिळतील, त्यातला एक झोपेचा. म्हणून प्रत्येकीला 36 दिवसांतून एकदा आपले दोन ऑफ एकत्र मागता येतील. कोणत्या तारखांना हवेत ते मला 18 मेपर्यंत कळवा. एका तारखेला जास्त मागण्या आल्या तर ज्यांना मागच्या वेळी मिळालं नव्हतं त्यांना आधी देईन.

लिस्टमध्ये काही अडचण दिसली तर तीही 18 मेपर्यंत सांगा. पक्की लिस्ट 20 मे रोजी याच विषयाने येईल आणि नर्सिंग स्टेशनवर लागेल. तिच्यावर 'पक्की – 20 मे' असं लिहिलेलं असेल. त्याआधीचे फोटो फोनमधून काढून टाका.

त्यानंतर ड्यूटी बदलून हवी असेल तर:
जिच्याशी बदलायची तिला विचारा. ती हो म्हणाली की दोघींपैकी एकीने मला या ई-मेलवर उत्तर पाठवा आणि दुसरीला त्यात घ्या. त्यात फक्त तारखा, ड्यूटी आणि नावं लिहा. कारण लिहायची गरज नाही. दुसरीने त्यावर 'मान्य' एवढं लिहायचं. निदान 48 तास आधी पाठवलं तर मी त्याच दिवशी उत्तर देईन. माझं 'मंजूर' येईपर्यंत जुनी ड्यूटी कायम.

मी तीनच गोष्टी पाहीन: नाईटच्या बदल्यात नाईट, आणि मॉर्निंग किंवा इव्हिनिंगच्या बदल्यात त्यांपैकीच एक, दोन ड्यूट्यांमध्ये 12 तासांचं अंतर, आणि प्रत्येक नाईटला दोघींपैकी एक तरी जुनी.

अचानक आजारी पडलात किंवा घरी काही अडचण आली, तर बदली शोधत बसू नका. मला किंवा ड्यूटीवरच्या सुपरवायझरना फोन करा. माणूस शोधणं आमचं काम आहे.

ही पद्धत दोन फेऱ्या, म्हणजे 6 जुलैपर्यंत पाहू आणि मग एकत्र बसून ठरवू.

– इनचार्ज, जनरल वॉर्ड

इथे ई-मेल संपतो. सावकाश वाचला तरी तीन-चार मिनिटांत वाचून होतो. पण त्यातल्या काही ओळी लिहायला इनचार्जला बराच विचार करावा लागला असणार, आणि माझ्या मते त्याच ओळींवर सगळं अवलंबून आहे.

पहिली ओळ कारणाची. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये उशिरा दिलेल्या औषधांच्या नोंदी असतात. 'गेल्या तीन महिन्यांत पाचव्या-सहाव्या नाईटला इतक्या चुका झाल्या' असं लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, कारण आकडा दिला की कारण पक्कं वाटतं. पण बारा जणांच्या वॉर्डात त्या नाईट कोणी केल्या होत्या हे सगळ्यांना पाठ असतं. नाव न घेताही दोघींकडे बोट दाखवलं जातं, आणि पुढच्या वेळी उशीर झाला तर तो रजिस्टरमध्ये लिहिलाच जात नाही. म्हणून इनचार्जने आकडा टाळला आणि हँडओव्हरमध्ये स्टाफच बोलत होता ते लिहिलं. फोकार्ड-टकरचे टक्केही तिने घातले नाहीत. ते तिला बैठकीत प्रशासनासमोर ठेवता येतील. ई-मेलमध्ये मात्र वाचणारीला स्वतःच्या पहाटेच्या अनुभवात सापडेल असंच कारण हवं.

दुसरी ओळ गैरसोयीची. बीड-लातूरहून किंवा केरळहून आलेल्या सिस्टरसाठी सलग तीन ऑफ म्हणजे घरी जाऊन येण्याची सोय होती. ही सोय जाणार हे तिला लिस्ट पाहताच कळणार आहे. ई-मेलमध्ये त्याचा उल्लेख नसेल तर 'यांना आपली पर्वाच नाही' असाच अर्थ निघतो, आणि मग पहाटेच्या थकव्याचं खरं कारणही सबबीसारखं वाटू लागतं. नुकसान सांगून त्यावर निघेल तेवढा तोडगा त्याच परिच्छेदात दिला, की निदान बोलणं सुरू होतं. दोन ऑफ एकत्र देण्याने तीन ऑफची भरपाई पूर्ण होत नाही, हेही खरं आहे. काही जणींना सहा नाईटच बऱ्या वाटतील. घरी लहान मूल असेल तर महिन्यातून एकदाच आईला बोलावून घेणं सोपं, 18 दिवसांनी दोनदा बोलावणं अवघड. त्यांचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच शेवटी 6 जुलैची तारीख आहे.

11 मे ते 1 जून हे एकवीस दिवस होतात. आपल्या कामगार कायद्यात हा आकडा जुना आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ मध्ये कामाच्या तासांत किंवा पाळीच्या व्यवस्थेत बदल करण्याआधी 21 दिवसांची नोटीस मागितली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1977 साली नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी खास शिफारस केली. ड्यूटीचं वेळापत्रक घरचं नियोजन करता येईल इतकं आधी कळावं आणि दोन पाळ्यांमध्ये सलग 12 तासांची विश्रांती मिळावी, असं तिच्यात म्हटलं आहे. इनचार्जने घातलेली बारा तासांची अट तीच.

आता ड्यूटी चेंज. जोड्यांच्या क्रमाने चौथ्या जोडीच्या नाईट 10, 11 आणि 12 जूनला येतात आणि पाचव्या जोडीच्या 13, 14, 15 ला. चौथ्या जोडीतल्या धाकट्या सिस्टरच्या बहिणीचा साखरपुडा शुक्रवारी, 12 जूनला संध्याकाळी आहे. पाचव्या जोडीतली धाकटी तिला म्हणते, 'तुझी 12 ची मी करते, माझी 15 ची तू कर.' ऐकताना हिशेब चोख वाटतो. नाईटच्या बदल्यात नाईट आहे आणि पाचव्या जोडीतल्या मुलीच्या नाईट 12, 13, 14 अशा सलग तीनच राहतात.

पण लिस्टवर बोट ठेवून पाहिलं तर पहिल्या मुलीला 15 जूनला मॉर्निंग आहे, म्हणजे दुपारी 2 ला सुटून रात्री 8 ला परत हजर. मध्ये सहा तास. तेवढ्यावर संपत नाही. 16 जूनला सकाळी 8 ला तिची पुन्हा मॉर्निंग आहे, म्हणजे नाईट संपते त्याच मिनिटाला पुढची ड्यूटी सुरू. अठ्ठेचाळीस तासांची मुदत उपयोगी पडते ती इथे. ही अदलाबदल दोघींनी आपापसात ठरवून टाकली असती, तर 15 तारखेच्या दुपारी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं आणि तेव्हा धावपळ झाली असती.

इनचार्ज नुसतं 'नाही' म्हणत नाही. ती लिस्ट पाहून लिहिते: '15 ऐवजी 13 बदला.' आता पहिली मुलगी 10 आणि 11 ची नाईट करते, 12 ला सकाळी घरी जाऊन झोपते आणि संध्याकाळी साखरपुड्याला जाते. 13 ला रात्री 8 ला ड्यूटीवर येते, 14 ला सकाळी सुटते आणि 15 ला सकाळी 8 ला मॉर्निंगला येते. मध्ये चोवीस तास मिळतात. 14 तारीख तिचा पूर्ण ऑफ होती, ती आता झोपेत जाणार. साखरपुड्याची किंमत म्हणून ती हे मान्य करते. दुसरी 12 ची नाईट करते, 13 ला विश्रांती घेते आणि मग 14 व 15 ची नाईट. 12 ला तिला ऑफ होता, म्हणून तिच्याही बारा तासांना धक्का लागत नाही. त्या दिवशी तिला मॉर्निंग असती तर ही अदलाबदलही बसली नसती. दोन्ही रात्री जोडीदार जुन्या सिस्टर आहेत, त्यामुळे तिसरी अटही पूर्ण होते. ई-मेलवर मागणीची ओळ फक्त एवढी जाते: '12 जून नाईट आणि 13 जून नाईट, आमच्या दोघींत बदल.' खाली दुसरीचं 'मान्य' आणि वर इनचार्जचं 'मंजूर'.

नाईटच्या बदल्यात नाईट ही अट वरून जाचक वाटते. पण नाईट बारा तासांची आणि मॉर्निंग सहा तासांची असते. एका नाईटच्या बदल्यात एक मॉर्निंग दिली तर एकीच्या खात्यावर सहा तास जास्त पडतात आणि दुसरीच्या कमी. महिनाअखेरीस पगाराच्या वेळी वाद तिथूनच सुरू होतो. नाईट भत्ता कोणाला, हा प्रश्नही त्यात अडकतो. सारखीच ड्यूटी सारख्या ड्यूटीने बदलली की तास जुळतात आणि पगार काढणाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

कारण विचारायचं नाही, याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. वॉर्डात बहुतेक तरुण मुली असतात. कोणाची तपासणी असते, कोणाला मुलगा बघायला येणार असतो, कोणी दुसरीकडे मुलाखतीला जाणार असते. कारण लिहावं लागलं की खोटं लिहिलं जातं, नाहीतर मागणीच केली जात नाही आणि ऐनवेळी 'ताप आला' असा फोन येतो. अदलाबदलीत वॉर्डाचं काही कमी होत नसेल, तर इनचार्जला कारणाची गरजच पडत नाही.

मात्र या पद्धतीत एक धोका आहे आणि तो नियम लिहून जात नाही. नवीन लागलेली मुलगी जुन्या सिस्टरला 'नाही' म्हणू शकत नाही. मग कागदावर दोघींचं 'मान्य' असतं, पण रविवार आणि सणाच्या ड्यूट्या नेहमी त्याच दोघी-तिघींच्या वाट्याला येतात. यावर एकच उपाय आहे. मंजूर झालेला प्रत्येक बदल एका वहीत लिहायचा: कोणी दिली, कोणी घेतली, कोणती ड्यूटी. फेरीच्या शेवटी ती वही पाच मिनिटं चाळली, की कोण सतत घेतंय आणि कोण सतत देतंय ते दिसतं. एखादी सिस्टर वारंवार कोणाच्या तरी रविवारच्या ड्यूट्या घेत असेल, तर तिला बाजूला घेऊन विचारावं. सगळ्यांसमोर विचारलं तर ती 'मला चालतं' एवढंच म्हणेल.

तीच वही आणखी एक गोष्ट सांगते. बदल वेगवेगळ्या तारखांचे आणि वेगवेगळ्या जणींचे असतील तर ती माणसांची अडचण आहे, आणि अदलाबदल त्याचसाठी आहे. पण मंगळवारची इव्हिनिंग दर वेळी कोणीतरी बदलून मागत असेल, तर दोष लिस्टमध्ये आहे. त्या दिवशी ऑपरेशननंतरचे पेशंट जास्त येतात का, तिघींत काम उरकत नाही का, हे पाहायला हवं. तिथे अदलाबदलीच्या नियमात बदल करून भागणार नाही; कदाचित मॉर्निंगमधली एक सिस्टर मंगळवारी इव्हिनिंगला आणावी लागेल.

हे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर का नाही, असं विचारलं जातं. ग्रुपवर लिस्टचा फोटो टाकला की खाली पंधरा 'ओके सिस्टर' येतात आणि फोटो वर जातो. दोन दिवसांनी दुरुस्त लिस्टचा फोटो येतो. कोणाच्या फोनमध्ये पहिला राहतो, कोणाच्या दुसरा, आणि एका रात्री वॉर्डात तिघी हजर होतात, तर दुसऱ्या रात्री एकच. ग्रुपवर 'पक्की लिस्ट ई-मेलवर आली आहे' एवढा निरोप टाकायला हरकत नाही. लिस्ट मात्र एकाच ठिकाणी राहावी, तारखेच्या शिक्क्यासह, आणि तिची एक छापील प्रत नर्सिंग स्टेशनवर. मंजूर झालेला प्रत्येक बदल इनचार्जने त्या छापील प्रतीवर पेनने करून बाजूला सही करावी. रात्री पावणेआठला सुपरवायझर राउंडला येतात तेव्हा ई-मेल उघडत नाहीत, त्या भिंतीवरचा कागद पाहतात.

6 जुलैला वॉर्डाच्या बैठकीत इनचार्ज तीन गोष्टी घेऊन बसेल: बदलांची वही, ऐनवेळी आलेल्या आजारपणाच्या फोनची संख्या आणि तिसऱ्या नाईटच्या सकाळचे हँडओव्हर. फोन वाढले असतील तर 18 दिवसांनी दोनदा नाईट येणं काही घरांना झेपत नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मग त्या जणींसाठी वेगळी जोडी करून चार नाईटपर्यंत जाता येईल का, ते ठरवावं लागेल. हँडओव्हर मात्र सुधारले असतील, पहाटेच्या नोंदी वेळेवर असतील, तर सहा नाईटकडे परत जाण्याची मागणी कितीही जोरात आली तरी ती मान्य करू नये, असं माझं मत आहे.